अकराची निळी खोली

आधी एक सांगून टाकते. मी ओरडते. सगळ्या शाळेला माहीत आहे. माझ्या नवऱ्याला तर लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे. संगणकाची शिक्षिका म्हणून बावीस वर्षं काढली आणि त्यातली वीस तरी "आधी वाचा, मग दाबा" हे ओरडण्यात गेली. त्या दिवशीही मी ओरडलेच. त्याचीच ही गोष्ट आहे.

आमच्या शाळेच्या वायरिंगने एका सकाळी धूर काढला. कुणाला काही झालं नाही, पण तपासणीवाल्यांनी इमारतीला कुलूप लावलं आणि तीन आठवडे वर्ग घरून घ्या म्हणाले. अंगणापलीकडची ऑफिसची खोली तेवढी सुरू राहिली, कारण तिचं मीटर वेगळं. तिथे मी एकटी बसायची. शिक्षक चौदा, आणि व्हिडिओवर वर्ग घ्यायचं लायसन्स शाळेकडे तीनच. खातं एक, त्यात तीन लायसन्स. एका लायसन्सवर एका वेळी एकच वर्ग चालतो. दुसऱ्याने तिथे वर्ग उघडला की पहिल्याचा बंद. गंमत अशी की वेळापत्रकात एकाच वेळेला दहा वर्ग लिहून ठेवा, यंत्र काही म्हणत नाही, आनंदाने लिहून घेतं. भांडण सुरू होतं ते वर्ग उघडताना.

पहिल्या दोन दिवसांत नुसता गोंधळ झाला. सगळे एकाच नावाने, एकाच पासवर्डने आत शिरायचे. इंग्रजीच्या बाई कविता म्हणत असायच्या आणि मध्येच गायब, कारण तिकडे विज्ञानाच्या सरांनी वर्ग उघडलेला. मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, गेले आणि अजून लायसन्स मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही हुशार आहात, तक्ता बसवा."

बसवला. तिन्ही लायसन्सना मी खोल्या म्हणू लागले, म्हणजे लोकांच्या डोक्यात शिरेल. लाल खोली, निळी खोली, हिरवी खोली. प्रत्येक खोलीचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. कोणत्या तासाला कोण कोणत्या खोलीत, हे कार्डशीटवर रंगवून भिंतीवर लावलं आणि फोटो ग्रुपवर टाकला. दोन तासांच्या मध्ये वीस मिनिटं मोकळी. कुठेही दोन नावं एका चौकोनात नाहीत. खरं सांगते, तो तक्ता बघून मला झोप छान लागली.

पण गणिताचे सर. देवमाणूस, फक्त तास संपला की "वर्ग बंद करा" हे बटण दाबायचं सोडून लॅपटॉपचं झाकण लावतात. झाकण लावलं म्हणजे दुकान बंद, असा त्यांचा समज. पोरं आत तशीच गप्पा मारत बसायची, खोली अडलेली, आणि पुढचा शिक्षक वर्ग उघडायला गेला की यंत्र विचारायचं, "या खात्यावर एक वर्ग सुरू आहे. तो बंद करून हा सुरू करायचा का?" मग सगळे मला फोन करायचे. दिवसातून सात-आठ वेळा. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी ग्रुपवर ठसठशीत अक्षरात लिहिलं: "असा प्रश्न आला तर मला फोन करू नये. बेधडक 'होय' दाबावे. मागच्याचा तास संपलेलाच असतो."

फोन बंद झाले. सगळे 'होय' दाबायला लागले. आधी वाचा मग दाबा म्हणणारी मी, चौदा माणसांना मीच न वाचता दाबायला शिकवलं.

त्या दिवशी दहा वाजून त्रेचाळीस मिनिटांनी छोट्यांच्या बाईंचा फोन आला. या दुसरीच्या वर्गशिक्षिका. वयाने माझ्या मुलीएवढ्या, आणि कधी आवाज चढवत नाहीत. दहा ते दहा चाळीस त्यांचा तास, निळ्या खोलीत.

"बाई," त्या कुजबुजल्या, "निळ्या खोलीत अकराला कुणाचा तास आहे?"

"भूगोलाच्या बाईंचा. का?"

"माझा वर्ग सुरूच आहे. बंद करता येणार नाही. बारकीची आई पडलीय."

बारकी म्हणजे त्यांच्या वर्गातली सगळ्यात लहान मुलगी. नाव वेगळं आहे, पण शाळाभर बारकीच. तास संपला, बाकीची पोरं "टाटा बाई" करून गेली, आणि ही पडद्यावर तशीच उभी राहिली. म्हणाली, "बाई, आई स्वयंपाकघरात झोपलीय आणि हाक मारली तरी उठत नाही."

"अँब्युलन्स?"

"केला फोन. पण शाळेतला पत्ता जुना आहे हो, दोन महिन्यांपूर्वी घर बदललंय त्यांनी. वडील बाहेरगावी, फोन लागत नाही. आईच्या फोनला लॉक. पोरीला नवा पत्ता सांगता येत नाही. खिडकीतून काय दिसतं ते विचारत विचारत मी त्यांना सांगतेय. दाराला वरची कडी लावलेली आहे, तिचा हात पोचत नाही, स्टूल आणायला सांगणार आहे. बाई, हा वर्ग बंद झाला ना, तर तिला परत येता येणार नाही. टॅब रोज आई लावून देते. तिला फक्त बोलायचं बटण माहीत आहे."

भिंतीवरचा माझा लाडका तक्ता समोर होता. अकराच्या रांगेत तिन्ही चौकोन भरलेले. लाल खोलीत गणिताचे सर, हिरवीत मराठीची तोंडी परीक्षा, निळीत भूगोल. सतरा मिनिटांनी भूगोलाच्या बाई वर्ग उघडणार, यंत्र प्रश्न विचारणार, आणि त्या बेधडक 'होय' दाबणार. सात वर्षांच्या पोरीसमोरचा तो एकुलता एक ओळखीचा चेहरा पुसला जाणार.

"तुम्ही पोरीकडे बघा," मी म्हटलं. "निळी खोली मी बघते. कुणाला हात लावू देत नाही."

अगदी असंच म्हटलं होतं मी.

भूगोलाच्या बाईंना फोन लावला. चार रिंगनंतर उचलला.

"अकराचा तास तुमचा ना?" मी विचारलं.

"अहो, नाही, म्हणजे आहे," त्या अडखळल्या, "पण मी आज चित्रकलेच्या सरांना दिलाय. मला बँकेत जायचं होतं ना, तर म्हटलं अदलाबदल करू. ते म्हणाले चालेल. उद्याचा त्यांचा मी घेणार. तुम्हाला सांगणारच होते, पण तुम्ही रागावता—"

"तक्ता काय भिंत झाकायला लावलाय का मी?" माझा आवाज चढला. चढला म्हणजे फुटलाच. "मला न विचारता तास बदलता? तुमचा तास म्हणजे तुमचा तास! रात्र रात्र बसून मी बसवायचं आणि तुम्ही बाजार मांडायचा!"

आणि फोन आपटला.

आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, एक वाक्य जास्त बोलले असते तर काय बिघडलं असतं? "निळ्या खोलीत एक लेकरू अडकलंय, कुणी उघडू नका." एवढंच. पण त्या बाई फार बोलतात, अगं बाई कसं झालं, कुठे झालं, यात पाच मिनिटं जातील असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर भीती वाटली की मला राग येतो. दोन्हीला माझ्याकडे एकच तोंड आहे.

चित्रकलेच्या सरांना फोन लावला. लागला, पण उचलला नाही. परत लावला. परत तेच. मग आठवलं. हे सर मुलांना चित्र दिसावं म्हणून फोन उलटा टांगतात, टेबलावरच्या दिव्याच्या दांड्याला, आणि फोन आला की चित्र हलतं म्हणून येणारे फोन गप्प करून ठेवतात. तासाच्या अर्धा तास आधीपासून रंग, पाणी, कागद मांडत बसतात. गेलं कामातून.

मी ग्रुपवर लिहिलं. घाईघाईत एवढंच: "चित्रकलेचे सर, अकराचा निळ्या खोलीचा तास तुम्ही घेऊ नका. ताबडतोब फोन करा."

घड्याळात दहा अठ्ठेचाळीस.

संगणकासमोर बसले. निळ्या खोलीचं वेळापत्रक उघडलं. त्यातून अकराचा वर्ग पुसून टाकावा का? पुसला तर सर काय करतील? 'नवा वर्ग' हे बटण दाबतील. तेही मीच शिकवलेलं. आणि त्यावरही तोच प्रश्न आणि तेच 'होय'. मग निळ्या खोलीचा पासवर्ड बदलून सगळ्यांना बाहेर काढावं? पण त्यात छोट्यांच्या बाईही बाहेर पडल्या तर? सुरू असलेला वर्ग अशा वेळी टिकतो का तुटतो, हे मला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांत कधी करून बघितलं नव्हतं, आणि आज करून बघायची माझी छाती झाली नाही. हात माउसवर होता आणि मी तो उचलून घेतला, चटका बसल्यासारखा.

सरांचं घर शाळेच्या मागच्या रस्त्याला, तिसऱ्या मजल्यावर. मी चपला अडकवल्या आणि निघाले.

चोपन्न वय, गुडघे असे की पायऱ्या दिसल्या तरी दुखतात. पण पळाले. फाटकातून बाहेर, किराणा दुकानावरून, रस्त्यात पाइपलाइनसाठी खणलेला चर होता, त्यावरच्या फळीवरून. एक स्कूटरवाला म्हणाला, "मावशी, सांभाळून!" त्याच्यावरही ओरडले असते, पण श्वास नव्हता. डोक्यात एकच चालू होतं. स्टुलावर चढलेली बारकी, हात वर केलेला, आणि समोरचा पडदा अचानक काळा. छातीत इतकं धडधडत होतं की अँब्युलन्स मलाच लागेल असं वाटलं.

सरांचा जिना अंधारा. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभी राहिले, कारण पाय पुढे जाईनात. मग गेले. दार बडवलं. बेल होती, पण बडवलंच.

सरांच्या बायकोने दार उघडलं. "अगं बाई, तुम्ही? पाणी—"

मी तिला बाजूला सारून आत शिरले. सर टेबलाशी उभे, हातात ब्रश, वर दांड्याला उलटा टांगलेला फोन, आणि त्यांचं बोट फोनच्या दिशेने निघालेलं.

"दाबू नका!"

सर दचकले, ब्रश पाण्यात पडला. भिंतीवरच्या घड्याळात अकराला तीन मिनिटं कमी होती.

मी एका दमात सांगितलं, म्हणजे तीन दमांत. सर खुर्चीवर बसले. म्हणाले, "मी दाबणारच होतो हो. तुमचंच वाक्य आहे ना, बेधडक."

"आजचा तास फुकटच्या खात्यावरून घ्या," मी म्हटलं. "चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडेल, पडू दे. नवी लिंक मुलांना पाठवा. निळ्या खोलीतून आधी बाहेर या. आता. माझ्यासमोर."

ते बाहेर आले. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मग भिंतीला टेकले आणि खाली सरकून जमिनीवरच बसले. सरांच्या बायकोने पाणी दिलं. जमलं, मला वाटलं. निळी खोली वाचली. लेकरू वाचलं. मला रडूही यायला लागलं, इतकी मी खूश झाले होते.

अकरा वाजून एक मिनिटाने माझा फोन वाजला. छोट्यांच्या बाई.

"बाई, बंद झाला."

"काय?"

"वर्ग बंद झाला. दुसरीकडून नवा वर्ग सुरू केल्यामुळे हा बंद झाला, असं आलंय. ती स्टूल ओढत होती. 'बाई, स्टूल जड आहे' म्हणाली आणि गेली. बाई, कुणी उघडला? तुम्ही म्हणाला होतात कुणाला हात लावू देणार नाही."

मी सरांकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात रिकामे होते.

आणि मग मला कळलं. भूगोलाच्या बाई. मी त्यांना म्हणाले होते, तुमचा तास म्हणजे तुमचा तास. त्यानंतर त्यांनी ग्रुपवर वाचलं, सरांनी अकराचा तास घेऊ नये. बिचारीने काय समजायचं? बँकेच्या रांगेतून बाहेर पडल्या, धावत घरी आल्या, आणि माझ्या भीतीने बरोबर अकराच्या ठोक्याला निळी खोली उघडली. प्रश्न आला असणार. बेधडक 'होय' दाबलं असणार. सगळं माझ्या सांगण्याबरहुकूम केलं.

"पुन्हा उघडा," मी म्हटलं. "तोच वर्ग, तीच लिंक. आधीचा बंद करू का विचारेल. होय दाबा."

त्यांनी उघडला. सरांनी आपला तास सोडला आणि मी त्यांच्या फोनवरून त्याच वर्गात पाहुणी म्हणून शिरले. वर टांगलेल्या फोनमध्ये छोट्यांच्या बाईंचा पांढराफटक चेहरा आणि बाकी कुणी नाही. वर्गात हजर दोन. त्या आणि मी.

"बारकी," त्या हाक मारत होत्या, "बारकी, बाळा, बाई आल्यात परत."

मग पडदा गेला. वर्ग बंद.

भूगोलाच्या बाई तिकडे बाहेर फेकल्या गेल्या होत्या. त्यांना वाटलं, गणिताचे सरच चुकून या खोलीत शिरतायत. त्यांनी परत उघडला आणि परत 'होय' दाबलं. इकडून छोट्यांच्या बाईंनी परत उघडला. मी भूगोलाच्या बाईंना फोन लावत होते आणि त्या कापत होत्या, कारण त्याच फोनवर तास घेत होत्या आणि कारण फोन माझा होता. चारदा लावला. पाचव्यांदा, त्या बाहेर फेकल्या गेल्या त्या क्षणाला, उचलला गेला.

"घेतेय हो मी तास," त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "रागावू नका, घेतेय, पण सारखा बंद पडतोय—"

मला ओरडता आलं नाही. "अहो," मी म्हटलं, "निळ्या खोलीत दुसरीची मुलगी आहे. तिची आई बेशुद्ध आहे. तुम्ही काही दाबू नका. फोन टेबलावर ठेवा आणि हात मांडीवर ठेवून बसा."

पलीकडून एकदम बारीक आवाज. "मी बंद केलं?"

"नाही," मी म्हटलं आणि ठेवून दिला.

आता निळी खोली उघडी राहिली. पण रिकामी. बारकीच्या टॅबवर "वर्ग संपला" अशी पाटी आली असणार, आणि तिच्या दृष्टीने बाई निघून गेल्या. चार माणसं दोन ठिकाणी पडद्याकडे डोळे लावून बसली की ती येते का. सर, त्यांची बायको आणि मी या टेबलाशी, आणि छोट्यांच्या बाई त्यांच्या घरी. हजेरीचा आकडा दोनच. मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते. आई वारली तेव्हाही नाही, कारण तेव्हा काय होणार ते माहीत होतं.

सात मिनिटांनी छोट्यांच्या बाईंचा फोन वाजला. पडद्यावर मला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं.

"हो, मीच. सापडलं? पिवळी इमारत, खाली सायकलचं दुकान, बरोबर. चौथा मजला. हो... आतून कडी आहे. ती रडतेय का? ऐकू येतंय?" त्यांनी डोळे मिटले. "ती तुम्हाला उघडणार नाही. अनोळखी माणसाला उघडायचं नाही असं शिकवलंय तिला. तुमचा फोन स्पीकरवर टाका आणि दाराला लावा. अगदी फटीला."

मग त्यांनी आवाज बदलला. तो वर्गातला आवाज होता, गोष्ट सांगतानाचा.

"बारकी. मी बाई. दाराबाहेरच्या काकांच्या फोनमधून बोलतेय. ऐकू येतंय ना? हो गं, आले मी परत. हो, गेले होते, माझी चूक. आता स्टूल दाराशी आण. जड आहे ना? उचलू नको, ढकल. शाब्बास. चढ. एका हाताने दार धर. कडी वर कर, मग बाजूला."

सरांच्या बायकोने माझा दंड धरला होता, नखं रुतत होती.

मग छोट्यांच्या बाई टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागल्या. त्यावरून आम्हाला कळलं की दार उघडलं.

आईची साखर एकदम खाली गेली होती. मधुमेहाचं औषध घेतलं आणि पोरीचा वर्ग लावून देण्याच्या घाईत खायचं राहिलं. त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं आणि स्ट्रेचरवरच तिने डोळे उघडले, असं त्या माणसाने सांगितलं. वेळेत पोचलो म्हणाला. किती वेळेत, ते मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

दुपारी मी तक्ता उतरवला. मोठ्या बाईंसमोर ठेवला आणि म्हटलं, दर तासाला एक खोली मोकळी राहिली पाहिजे, मग त्यासाठी दोन वर्ग एकत्र करावे लागले तरी. अदलाबदल करायची असेल तर ग्रुपवर दोघांनी लिहायचं. आणि तो प्रश्न आला, आधीचा वर्ग बंद करायचा का, तर 'नाही' दाबायचं, आत कोण आहे ते आधी बघायचं, आणि मला फोन करायचा. दिवसातून शंभर वेळा आला तरी चालेल. मोठ्या बाई म्हणाल्या, चौथं लायसन्स घेऊन टाकू. तिथून मी भूगोलाच्या बाईंच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं आणि मला बघून दोन पावलं मागे सरकल्या. तेवढं पुरे होतं. मी माफी मागितली, त्यांनी चहा ठेवला, दोघींनाही तो गेला नाही.

संध्याकाळी छोट्यांच्या बाईंबरोबर दवाखान्यात गेले. आई उशीला टेकून बसली होती, बिस्किट खात होती, लाजल्यासारखी हसली. बारकी पलंगाच्या कडेला पाय हलवत बसलेली. बाईंना बघून तिने उडी मारली नाही, धावली नाही. नुसती बघत राहिली. बाईंनी जवळ घेतलं तेव्हा अंग आखडून बसून राहिली.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही संगणकाच्या बाई ना?"

"हो."

"मग तुम्हाला माहीत असेल. आमच्या बाईंना कुणी बंद केलं?"

छोट्यांच्या बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, नका सांगू अशी. यंत्र बिघडलं म्हणता आलं असतं. लहान पोर, तिला काय कळणार होतं?

"मी," मी म्हटलं.

"का?"

मी तिला तीन खोल्या समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. "मी एका बाईंवर ओरडले," मी म्हटलं. "ओरडण्यात खरी गोष्ट सांगायचीच राहिली. म्हणून त्यांनी चुकीचं बटण दाबलं."

तिने विचार केला. पाय हलायचे थांबले.

"मी खूप हाका मारल्या," ती म्हणाली. "बाईंना पण आणि आईला पण. कुणीच नव्हतं."

तिची आई बिस्किट हातात धरून तशीच बसली. मी खाली वाकले, गुडघा कट्कन वाजला, आणि तिच्या समोर जमिनीवर बसले. मी तशीच बसून राहिले, आणि ती माझ्याकडे बघत राहिली, आणि नर्सने भेटायची वेळ संपली म्हणून दोनदा सांगेपर्यंत आमच्यापैकी कुणी हललं नाही.